पतंग कुठे उडवायचा?

पतंग उडवणाऱ्या मुलीचं ॲनिमेशन. चौकट १०८० बाय १९२० पिक्सेलची. पतंग अगदी वर, मुलगी तळाशी, तिचं वाक्य पायांखाली. संगणकावर चित्र देखणं दिसतं. फोनवर मात्र ते वाक्य खातेदाराच्या नावाखाली आणि मजकुराखाली गाडलं जातं. इन्स्टाग्राम रीलसाठी म्हणूनच वरचे सुमारे २७० आणि खालचे ६७० पिक्सेल मोकळे सोडावेत. तिथे आभाळ, गच्ची खुशाल रंगवा. मुलीचा चेहरा, मांजा, अक्षरं मधल्या ९८० पिक्सेलांत हवीत. उजवीकडे लाइकची बटणं असतात, त्यामुळे ढील देणारा हात मी डावीकडेच ठेवते. पतंग कटतो तो क्षणही मधेच घडावा. नंतर तो खुशाल खाली, मजकुरामागे गेला तरी चालेल.