चार आकड्यांत दडलेली लाट

पणजीतील हिवाळ्याचा एखादा दिवस घेऊ. सकाळी सहाला तापमान २२ अंश, दुपारी बाराला ३१, संध्याकाळी सहाला २८ आणि मध्यरात्री २३. हे आकडे केवळ नमुन्यासाठी घेतले आहेत. बाराची नोंद सर्वांत मोठी आहे, म्हणून दिवस बारा वाजताच सर्वाधिक तापतो, असे म्हणता येईल काय? या प्रश्नाचे उत्तर विविक्त फूरिए रूपांतर देते, आणि चारच नोंदी असतील तर त्याला कागद-पेन्सिल पुरते.

रूपांतराची किल्ली म्हणजे एकाची चौथी मुळे. ज्या संख्येचा चौथा घात १ येतो, अशा संख्या चार आहेत: १, i, −१ आणि −i. येथे i म्हणजे −१ चे वर्गमूळ. एका वर्तुळावर १ पूर्वेला, i उत्तरेला, −१ पश्चिमेला आणि −i दक्षिणेला मांडला, की −i ने गुणणे म्हणजे घड्याळाच्या दिशेने काटकोनात वळणे, एवढाच अर्थ उरतो. चार वळणांनी आपण मूळ जागी येतो. दिवसाचे सहा-सहा तासांचे चार टप्पेही असेच फिरून पुन्हा सकाळी सहावर येतात.

रूपांतराचे सूत्र असे:

X(k) = x(०) + x(१)·wᵏ + x(२)·w²ᵏ + x(३)·w³ᵏ, जेथे w = −i

k ला ०, १, २, ३ या किमती देत गेल्यास सोळा गुणाकार करावे लागतील असे वाटते. प्रत्यक्षात एकही खरा गुणाकार करावा लागत नाही, कारण १, −१, i, −i यांनी गुणणे म्हणजे केवळ चिन्ह किंवा दिशा बदलणे. शिवाय w चा घात चारहून मोठा झाला, तर त्याला चाराने भागून उरलेली बाकी तेवढी पाहावी. k = ३ असताना घात ०, ३, ६, ९ येतात; त्यांच्या बाक्या ०, ३, २, १. हातून चुका बहुधा याच ठिकाणी होतात.

आता नोंदी एकाआड एक अशा जोडीने घेऊ. सकाळ व संध्याकाळ यांची बेरीज ५०, वजाबाकी २२ − २८ = −६. दुपार व मध्यरात्र यांची बेरीज ५४, वजाबाकी ३१ − २३ = ८. या चार संख्यांतूनच सारे काही मिळते:

X(०) = ५० + ५४ = १०४
X(२) = ५० − ५४ = −४
X(१) = −६ − ८i
X(३) = −६ + ८i

बेरजा एकदाच करून त्या पुन्हा वापरण्याची ही रीत कार्ल फ्रीडरिश गाउस याने १८०५ च्या सुमारास योजली होती. पुढे १९६५ मध्ये कूली व टकी यांनी ती संगणकासाठी मांडली.

X(०) ला चाराने भागले की दिवसाची सरासरी २६ अंश येते. X(१) हा दिवसातून एकदा येणाऱ्या लाटेचा मापक आहे. त्याचे मान √(३६ + ६४) = १०. X(३) हे त्याचेच आरशातील प्रतिबिंब असल्याने दोघांचे मिळून २०, आणि त्याचा चौथा भाग ५. म्हणजे ही दैनिक लाट सरासरीच्या वर-खाली पाच अंश हलते. −६ − ८i हा बिंदू पूर्वेपासून घड्याळाच्या दिशेने सुमारे १२७ अंशांवर आहे. चोवीस तासांत ३६० अंश, म्हणजे तासाला १५. तेव्हा लाटेचा माथा सकाळी सहानंतर सुमारे साडेआठ तासांनी, दुपारी अडीचच्या सुमारास येतो. बाराची नोंद सर्वांत मोठी असली, तरी लाट तेथे अजून चढतच होती.

w साठी −i ऐवजी चुकून i घेतला, तर X(१) आणि X(३) यांची अदलाबदल होते. माने तीच राहतात, बेरीज जुळते, आणि चूक लपून जाते. मात्र माथा रात्री साडेनऊला दिसू लागतो. अशा वेळी शहाणपण गणितापेक्षा खिडकीबाहेर पाहण्यात असते!

गणित तपासण्यासाठी चारही X ची बेरीज करून चाराने भागावे: १०४ − ६ − ४ − ६ = ८८, भागून २२. सकाळची नोंद परत मिळाली. ८i आणि −८i एकमेकांत विरले. अन्य नोंदींसाठी w ऐवजी i चे घात घेऊन हीच कृती करावी.

X(२) कडे मात्र सावधपणे पाहावे. दिवसातून दोनदा येणाऱ्या चढउताराचा तो मापक, आणि त्याचा चौथा भाग −१. अशा लाटेच्या वाट्याला एका फेरीत दोनच नोंदी येतात. त्या दोन्ही तिच्या मध्यपातळीवर घेतल्या गेल्या, तर लाट कितीही मोठी असली तरी X(२) शून्य येईल. म्हणून येथील −१ वरून त्या लाटेची खरी उंची वा तिच्या माथ्याची वेळ सांगता येत नाही. त्यासाठी तीन-तीन तासांच्या आठ नोंदी हव्यात. आणि तेथे ४५ अंशांच्या वळणांमुळे √२ येतो, म्हणून थोडा गुणाकारही करावा लागतो.