अक्षरबदलाचे कोडे

मराठी अक्षरबदलाच्या कोड्यात ‘का’ आणि ‘की’ ही स्वतंत्र अक्षरे ठरतात. चिन्हांची संख्या त्यामुळे शेकड्यांत जाते आणि एकट्यादुकट्या ओळीची उकल बहुधा पक्की होत नाही. सुरुवात वाक्याच्या शेवटाकडून करावी.

समजा, कोडे असे आहे: ‘क मोटी पाक. ग मोटी सुली.’ वाक्यान्ती येणारे दोन अक्षरी शब्द बहुतेकदा ‘आहे’ किंवा ‘नाही’. ‘पाक’ म्हणजे ‘आहे’ धरल्यास सुटा ‘क’ हा ‘हे’ होतो. पण ‘नाही’ धरल्यास ‘ही’, तेही चालतेच! निवाडा ‘पा’ करतो. उरलेल्या मजकुरात तो शब्दान्ती दिसला, तर ‘मुलांना’मधला ‘ना’ असण्याचा संभव; ‘आ’ सहसा शब्दारंभीच येतो. इथे उत्तर निघते: ‘हे घर आहे. ते घर नाही.’