तांबडी वाइन व तिखट रस्से

तिखट रश्शाबरोबर तांबडी वाइन घेतली असता तोंडाची आग वाढते व जीभ कोरडी पडते, हा अनुभव सर्वपरिचित आहे. त्याचा दोष सामान्यतः वाइनमधील टॅनिनांना दिला जातो. प्रत्यक्षात आग वाढविणारा घटक प्रामुख्याने अल्कोहॉल असून टॅनिनांचा परिणाम निराळ्या प्रकारचा व काहीसा अप्रत्यक्ष असतो. हे दोन परिणाम वेगळे ओळखता आले, तर योग्य वाइनची निवड सोपी होते.

तिखटपणा ही रुची नसून वेदना आहे. मिरचीतील कॅप्सायसिन हे द्रव्य तोंडातील चेतातंतूंवरील एका ग्राही प्रथिनाला चिकटते. हेच ग्राही एरवी सुमारे ४२° से. पेक्षा अधिक उष्णतेची सूचना मेंदूला देते. त्यामुळे मिरची खाल्ल्यावर भाजल्याचा भास होतो. या ग्राहीच्या शोधासाठी डेव्हिड जूलियस यांना २०२१ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. अल्कोहॉलमुळे या ग्राहीची मर्यादा सुमारे ३४° से. पर्यंत खाली येते, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. म्हणजे शरीराची नेहमीची उष्णताही त्याला उद्दीपित करण्यास पुरेशी ठरते. कॅप्सायसिन अल्कोहॉलात विरघळते, म्हणून वाइनने तिखट धुऊन जाईल, ही समजूतही खरी नाही. वाइनमधील १२ ते १५ टक्के अल्कोहॉल त्या कामी अगदी अपुरे पडते.

टॅनिने द्राक्षांच्या साली, बिया व देठ यांतून येतात. तांबड्या वाइनचा रस सालींसह आंबविला जात असल्याने तिच्यात ती पांढऱ्या वाइनपेक्षा पुष्कळ अधिक असतात. लाळेतील प्रथिनांशी त्यांचा संयोग होऊन लाळेचा बुळबुळीत थर नाहीसा होतो आणि जीभ गालाला घासू लागते. यालाच तुरटपणा म्हणतात. कच्चे केळे किंवा जांभूळ खाल्ल्यावर येणारा अनुभव हाच होय. तुरटपणा घोटागणिक साचत जातो व तिखटही घासागणिक चढत जाते. दोन्ही एकाच वेळी वाढत असल्याने खाणाऱ्यास त्यांत फरक करता येत नाही. ओठ, जिभेचे टोक व घसा यांची आग हे मिरचीचे लक्षण. हिरड्या व गालांच्या आतील बाजूचा खरखरीतपणा हे टॅनिनांचे.

याची घरगुती परीक्षा चहाने करता येते. कडक, बिनदुधाचा, थंड केलेला चहा तिखट घासानंतर प्यायल्यास तोंड खरखरीत होते. पण चहात अल्कोहॉल नसल्याने वाइनसारखा भडका उडत नाही. त्याच चहात दूध घातले, तर दुधातील प्रथिने टॅनिनांना बांधून घेतात व तुरटपणा बराचसा जातो.

गोव्यातील विंदालू हे या दृष्टीने बोधप्रद उदाहरण आहे. वाइन व लसूण यांत मुरविलेल्या मांसाच्या पोर्तुगीज पदार्थापासून ते आले, हे त्याच्या नावावरूनही कळते. बटाट्याशी त्याचा मुळात संबंध नाही. गोव्यात वाइनची जागा ताडीच्या शिरक्याने घेतली व पोर्तुगिजांबरोबरच आलेली मिरची त्यात पडली. अशा विंदालूबरोबर काबर्ने सोव्हिन्यॉंसारखी टॅनिनयुक्त वाइन घेतली, तर पहिले दोन घोट चांगले लागतात, कारण डुकराच्या मांसातील प्रथिने व चरबी टॅनिनांचा बराच भार उचलतात. मात्र शिरक्याच्या आंबटपणाने तुरटपणा पुन्हा उठून दिसतो आणि तिखट चढू लागताच वाइनमधील फळांचा स्वाद हरपून केवळ कडवटपणा उरतो. मांसाऐवजी भाजीचा रस्सा असेल, तर ही अवस्था आणखी लवकर येते.

त्याऐवजी गामे द्राक्षाची बोझोले ही वाइन अधिक जुळते. तिच्यात टॅनिने कमी व अल्कोहॉल बेताचे असून आंबटपणा शिरक्यापुढे टिकण्याइतका असतो. ती १२° ते १४° से. पर्यंत थंड करून द्यावी; थंडाव्याने आग तात्पुरती शमते. टॅनिनयुक्त वाइनला मात्र हा उपाय लागू नाही, कारण थंड केल्याने तिचा तुरटपणा उलट अधिक जाणवतो. ग्रनाश द्राक्षाच्या वाइनमध्ये टॅनिने कमी असली, तरी अल्कोहॉल अनेकदा १४ टक्क्यांवर जाते, त्यामुळे ‘मऊ’ म्हणून तिची केलेली निवड फसते. साखर दाह सौम्य करते; गोव्यात पोर्ट या नावाने विकली जाणारी गोड तांबडी वाइन तिखटाबरोबर सुसह्य होते ती यामुळेच.

मिरचीची सवय असलेल्यांना तिच्यामुळे होणारा दाह कमी जाणवतो. त्यामुळे एकाच ताटावर बसलेल्या दोघांचे एकाच वाइनविषयीचे मत भिन्न असू शकते.