फिरत्या चाकाचा थांबलेला बिंदू

संध्याकाळच्या कमी उजेडात रस्त्याच्या कडेला उभं राहावं, कॅमेरा हलू न देता समोरून आडव्या जाणाऱ्या सायकलचा फोटो काढावा आणि मग तो मोठा करून चाकांकडे पाहावं. वरच्या भागातले स्पोक एकमेकांत मिसळून धुरकट झालेले असतात. जमिनीजवळचे मात्र वेगवेगळे, मोजता येतील इतके स्पष्ट उमटतात. (मोबाइलचा कॅमेरा चित्र ओळीओळीने टिपतो, त्यामुळे स्पोक थोडे वाकलेलेही दिसू शकतात. तो कॅमेऱ्याचा परिणाम आहे, त्याकडे दुर्लक्ष करावं.) चाक एकच, क्षणही तोच, तरी वर आणि खाली हा फरक पडतो, कारण चाकाचा वरचा भाग खरोखरच वेगाने पुढे जात असतो आणि खालचा जवळजवळ जागेवर असतो.

हे आकड्यांत पाहू. सायकल ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर वेगाने जाते आहे आणि चाकाचा व्यास ७० सेंटिमीटर आहे असं धरू. चाकाचा मध्य, म्हणजे हब, सायकलच्या सांगाड्याला जोडलेला असल्यामुळे तोही सेकंदाला ५ मीटरच पुढे जातो. टायर मात्र त्या मध्याभोवती फिरतही असतो. किती वेगाने? चाकाचा परीघ सुमारे २.२ मीटर आहे. चाक घसरत नसेल, तर एका फेऱ्यात २.२ मीटर टायर रस्त्याला टेकून जातो आणि तेवढ्याच वेळात सायकल २.२ मीटर पुढे सरकते. त्यामुळे सीटवर बसलेल्याला टायरची कड हबभोवती सेकंदाला बरोबर ५ मीटर वेगाने फिरताना दिसणार. ‘न घसरता’ या अटीचा सगळा अर्थ एवढाच आहे.

आता रस्त्यावरून पाहणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही हालचाली एकत्र करू. चाकाच्या माथ्यावर फिरण्याची दिशा पुढची असते, म्हणून ५ आणि ५ मिळून सेकंदाला १० मीटर. सायकल ताशी १८ किलोमीटरने चालली असताना चाकाचा माथा ताशी ३६ किलोमीटरने धावत असतो. तळाशी फिरण्याची दिशा मागची असते, म्हणून ५ उणे ५, म्हणजे शून्य. जिथे रबर रस्त्याला टेकलंय, तिथे ते रस्त्यावर थांबलेलं असतं.

या शून्यावर पुष्कळांचा विश्वास बसत नाही. टेकलेला भाग थांबला तर सायकल पुढे कशी जाते, असं ते विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. थांबलेला तुकडा क्षणभरच थांबतो आणि पुढच्या क्षणी त्याची जागा शेजारचा तुकडा घेतो. वेग शून्य असला तरी तो बदलत असतो, आणि तोही जोराने. आपल्या सायकलच्या बाबतीत टेकलेल्या बिंदूचं त्वरण सेकंदाला सेकंदाला सुमारे ७१ मीटर इतकं येतं, गुरुत्वाकर्षणाच्या सातपटीहून थोडं जास्त, आणि त्याची दिशा सरळ वर, हबकडे असते. तरीही टेकल्यानंतरच्या शतांश सेकंदात तो बिंदू जेमतेम साडेतीन मिलिमीटर वर उचलला जातो. तेवढ्याच वेळात माथ्यावरचं रबर १० सेंटिमीटर पुढे गेलेलं असतं. टायरला चिकटलेला खडा रस्त्यावर येताना जवळजवळ सरळ खाली येतो, टेकतो आणि जवळजवळ सरळ वर निघतो. त्याच्या मार्गाच्या वक्राला सायक्लॉइड म्हणतात. लंडनचं सेंट पॉल्स कॅथीड्रल उभारणाऱ्या क्रिस्टोफर रेनने १६५८ मध्ये दाखवलं, की या वक्राच्या एका कमानीची लांबी त्रिज्येच्या बरोबर आठपट असते. म्हणजे आपला खडा एका फेऱ्यात २.८ मीटर प्रवास करतो, सायकल मात्र २.२ मीटरच.

टेकलेला बिंदू थांबला आहे हे एकदा मान्य केलं, की पुढचं फार सोपं होतं. त्या क्षणापुरतं सगळं चाक त्या बिंदूभोवतीच फिरतंय असं धरता येतं. मग चाकावरचा कुठलाही बिंदू टेकलेल्या जागेपासून जितका दूर, तितका त्याचा वेग जास्त. हब ३५ सेंटिमीटर दूर, माथा ७०, म्हणून माथ्याचा वेग दुप्पट. हबच्या उंचीवरचा, टायरच्या अगदी पुढच्या टोकाचा बिंदू साधारण ४९.५ सेंटिमीटर दूर असतो. त्याचा वेग सेकंदाला सुमारे ७ मीटर, आणि तो तिरका, पुढे व खाली निघालेला असतो. फोटोचंही गणित इथेच सुटतं. शटर एका सेकंदाच्या साठाव्या भागाइतका वेळ उघडं राहिलं, तर माथा सुमारे १७ सेंटिमीटर सरकतो. बरोबर टेकलेल्या जागेच्या वर, जमिनीपासून १० सेंटिमीटरवर असलेला स्पोकचा भाग अडीच सेंटिमीटरही सरकत नाही.

चाक खरंच घसरत नव्हतं हे ओळखायला ओली माती पुरते. टायरच्या नक्षीचा ठसा जसाच्या तसा उमटला असेल, तर तिथे रबर मातीवर सरकलं नव्हतं. ब्रेक करकचून दाबल्यावर चाक फिरायचं थांबलं, तर टेकलेला बिंदू गाडीच्याच वेगाने पुढे फरफटतो आणि ठशाच्या जागी सपाट चरा उरतो. चिखलात अडकलेल्या गाडीचं चाक जागीच गरगरतं तेव्हा उलट होतं. मध्याचा वेग शून्य, तळाचा बिंदू मागे धावतो आणि चिखल मागे उडतो.

‘शून्य’ हे मात्र टणक, आदर्श चाकाचं उत्तर आहे. खरा टायर रस्त्याला एका बिंदूत टेकत नाही, हवा भरलेला टायर दबून एक पट्टा टेकतो. ब्रेक लागला की त्या पट्ट्यातलं रबर ताणलं जातं आणि थोडं घसरतं. कोरड्या डांबरी रस्त्यावर मोटारीचा टायर सर्वांत चांगली पकड साधारण १० ते २० टक्के घसरणीला देतो. गाडी ताशी ६० ने जात असताना चाक ५० च्या वेगाला साजेसं फिरत असेल, तर तळ रस्त्यावर ताशी १० किलोमीटरने पुढे सरकतो आहे, आणि ही घसरण त्याच पट्ट्यात येते. चाक यापलीकडे अडखळू लागलं, की एबीएस ब्रेकचा दाब क्षणभर सोडतं. हबजवळचा संवेदक चाक किती फिरलं ते सतत मोजत असतो, त्यावरून यंत्रणेला हे कळतं.

रेल्वेच्या चाकात तर याहून नवलाची गोष्ट घडते. चाक रुळावर टेकतं, पण त्याच्या आतल्या बाजूची कड, जी चाकाला रुळावरून उतरू देत नाही, ती रुळाच्या वरच्या पातळीखाली सुमारे तीन सेंटिमीटर उतरलेली असते. वेग शून्य होतो तो टेकलेल्या जागी. त्याच्या खालच्या भागात मागचा वेग पुढच्या वेगावर मात करतो. डब्याच्या चाकाची त्रिज्या ४६ सेंटिमीटर धरली आणि गाडी ताशी १०० किलोमीटरने चालली असेल, तर कडेचा सर्वांत खालचा भाग ताशी साडेसहा किलोमीटरने मागे जात असतो. पुण्याहून मुंबईकडे धावणाऱ्या गाडीच्या प्रत्येक चाकाचा एक छोटासा भाग, रुळाच्या पातळीखाली असतो तेवढा वेळ, पुण्याच्या दिशेने जात असतो.