डबा दोन सेंटीमीटर उंच का?

आंब्याचा मोसम सरला की आमच्याकडे आमरसाचा 850 ग्रॅमचा डबा फुटतो. परवा रिकामा डबा विसळताना सहज पट्टी लावली. व्यास जेमतेम 10 सेंटीमीटर, उंची 12 च्या आसपास. जरा खटकलंच. शाळेतलं गणित सांगतं की कमीत कमी पत्र्यात ठरावीक माल मावायचा असेल, तर उंची व्यासाइतकीच हवी.

आधी गणिताचं खरंखोटं बघू. आतली जागा 850 मिलिलिटर धरा. व्यास 7 सेंटीमीटर ठेवला तर डबा 22 सेंटीमीटर उंच होतो आणि 563 चौरस सेंटीमीटर पत्रा खातो. 15 सेंटीमीटर व्यासाचा पसरट केला तर 580. उंची आणि व्यास दोन्ही सव्वादहा ठेवले की 497 मध्ये भागतं.

याचं कारण कॅल्क्युलसशिवायही कळतं. व्यास एक टक्का वाढवला की बूड आणि झाकण दोन टक्क्यांनी वाढतात. रस तेवढाच असल्यामुळे उंची दोन टक्के उतरते, पण घेर एक टक्का वाढलेला असतो, म्हणून बाजूचा पत्रा एकच टक्का वाचतो. बाजूचा पत्रा बूड-झाकणाच्या दुप्पट असला की वाढ आणि बचत यांची फिटंफाट होते. हे नेमकं उंची आणि व्यास सारखे असताना घडतं.

मेख अशी, की झाकणं गोल असतात आणि पत्रा चौकोनी. चौरसातून चकती कापली की 21 टक्के पत्रा कोपऱ्यांत जातो. त्याचेही पैसे मोजलेलेच असतात, म्हणजे चकती 1.27 पट महाग पडते. मग वरच्याच हिशेबाने उंचीही व्यासाच्या 1.27 पट हवी. चकत्यांच्या ओळी मधाच्या पोळ्यासारख्या एकमेकींत सरकवून कापल्या तर हाच आकडा 1.10 वर येतो. शिवाय झाकणाची कड डब्याच्या कडेत दुमडून दाबायची असते, म्हणून चकती तोंडापेक्षा मोठीच कापावी लागते. त्याने आकडा पुन्हा थोडा वर चढतो.

माझा डबा 1.2 वर आहे. त्यामागे हाच हिशेब असेल असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही, कारण इथे चूक फार स्वस्त आहे. 850 मिलिलिटरचा डबा 1.0 ऐवजी 1.2 च्या प्रमाणात केला, तर नुसत्या पृष्ठभागात जेमतेम दोन चौरस सेंटीमीटरची भर पडते. उंची व्यासाच्या दुप्पट केली तरी पाचच टक्के. एवढ्या मोकळिकीत खोक्यात नीट बसणं, हातात मावणं यांचंही ऐकता येतं.

शीतपेयाचा ॲल्युमिनियमचा कॅन मात्र खराच उंच असतो. त्याची बाजू जेमतेम 0.1 मिलिमीटर जाडीची, झाकण साधारण दुप्पट जाड. तिथे महाग आहे ते झाकण. वरच्या टोकाला कॅनची मान आवळलेली दिसते, तीही झाकण लहान व्हावं म्हणूनच.