वर्गसमीकरणांचे बारा प्रश्न

वर्गसमीकरणांच्या बऱ्याच सरावसंचांत पहिला प्रश्न असतो x² − 7x + 12 = 0 आणि पाचवा किंवा सहावा असतो x² − 41x + 408 = 0. वर मथळा असतो 'सोप्याकडून अवघडाकडे'. पण दुसऱ्या प्रश्नात नवे काहीच नाही. पहिल्यात १२ चे अवयव शोधायचे, दुसऱ्यात ४०८ चे. हाताला काम वाढले, डोक्याला नाही. असे पन्नास प्रश्न सोडवलेला विद्यार्थी x² = 5x समोर आला की अडखळतो, कारण ती अडचण त्याच्यासमोर कधी आलेलीच नसते.

पायरी चढणे म्हणजे मागचे सगळे तसेच ठेवून एकच नवी अडचण घालणे, असे मला वाटते. खालचे बारा प्रश्न त्या हिशेबाने रचले आहेत. पहिले सात दहावीच्या 'गणित भाग १' मधल्या दुसऱ्या प्रकरणाच्या आवाक्यात आहेत. त्यापुढे वाट स्पर्धा परीक्षांकडे वळते. कागद-पेन्सिल घेऊन वाचलेत तर बरे.

पहिले चार प्रश्न अवयव पद्धतीचे:

१) x² − 7x + 12 = 0
२) x² + x − 20 = 0
३) x² = 5x
४) 6x² − x − 2 = 0

पहिल्यात गुणाकार १२ आणि बेरीज ७ येईल अशा दोन संख्या शोधायच्या. दुसऱ्यात स्थिरपद ऋण झाले, म्हणून एक मूळ धन आणि एक ऋण येणार. इथे चूक होते ती चिन्हाची. अवयव (x + 5)(x − 4) बरोबर काढले जातात आणि मुळे 5 व −4 लिहिली जातात. कंसातले चिन्ह आणि मुळाचे चिन्ह उलटे असते, हे पक्के करण्यासाठीच हा प्रश्न आहे.

तिसरा दिसायला सर्वांत सोपा, पण सर्वांत जास्त फसवणारा. दोन्ही बाजूंना x ने भागले की x = 5 मिळते आणि काम झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात भागताना आपण गृहीत धरलेले असते की x शून्य नाही, आणि शून्य हेच तर दुसरे मूळ आहे. सगळी पदे एका बाजूला आणून x(x − 5) = 0 लिहिले की दोन्ही मुळे समोर येतात. चलाने भागायचे नाही, सामाईक अवयव बाहेर काढायचा, ही सवय पुढे त्रिकोणमितीच्या समीकरणांतही कामाला येते. चौथ्यात x² चा सहगुणक १ नाही. म्हणून 6 आणि −2 यांचा गुणाकार −12 घ्यायचा आणि मधले −x हे −4x + 3x असे फोडायचे.

आता अवयव हाताला लागेनासे होतात:

५) x² + 6x + 2 = 0
६) kx² − 4kx + 12 = 0 ची मुळे वास्तव व समान असतील, तर k किती?

गुणाकार २ आणि बेरीज ६ अशा दोन पूर्णांक संख्या नाहीत. पूर्ण वर्ग करा: x² + 6x + 9 = 7, म्हणजे (x + 3)² = 7. सूत्र पद्धतीनेही हेच उत्तर येते. सूत्र म्हणजे पूर्ण वर्गाचे काम एकदाच अक्षरांनी करून ठेवलेले असते. या पद्धतीचा मान श्रीधराचार्यांकडे जातो. त्यांचा बीजगणिताचा ग्रंथ आज उपलब्ध नाही, पण भास्कराचार्यांनी त्यांचा नियम आपल्या 'बीजगणित' या ग्रंथात नोंदवला, म्हणून तो आपल्यापर्यंत पोहोचला. समीकरणाला 4a ने गुणून मग वर्ग पूर्ण करायचा, असा तो नियम आहे. अपूर्णांकांची कटकट त्यामुळे टळते.

सहाव्यात मुळे विचारलेली नाहीत, मुळांबद्दल विचारले आहे. मुळे समान म्हणजे विवेचक शून्य: 16k² − 48k = 0, म्हणून k = 0 किंवा k = 3. इथे तिसऱ्या प्रश्नातला धडा पुन्हा लागतो, पण उलट्या बाजूने. तिथे शून्य गमवायचे नव्हते, इथे ते टाकून द्यायचे आहे. k = 0 ठेवले तर समीकरण उरते 12 = 0. ते वर्गसमीकरणच नाही.

७) एक एसटी १८० किलोमीटरचे अंतर ठरावीक वेगाने जाते. वेग ताशी १५ किलोमीटरने जास्त असता तर ती एक तास आधी पोहोचली असती. वेग किती?

वेग ताशी v किलोमीटर धरला, तर 180/v − 180/(v + 15) = 1, आणि त्यावरून v² + 15v − 2700 = 0. मुळे येतात 45 आणि −60. वेग ऋण नसतो, म्हणून ४५. शाब्दिक उदाहरणात खरी चूक मात्र मांडणीत होते. पुष्कळ मुले कमी वेळातून जास्त वेळ वजा करतात. मग समीकरण होते v² + 15v + 2700 = 0 आणि विवेचक येतो −10575. वास्तव मूळच नाही. अशा वेळी आकडेमोड पुन्हा तपासत बसण्यात अर्थ नसतो, कारण आकडेमोड बरोबरच असते. रस्त्यावर धावणाऱ्या गाडीला वेग असलाच पाहिजे, म्हणजे चूक पहिल्या ओळीत आहे. विवेचकाचा हा उपयोग वर्गात फारसा सांगितला जात नाही, आणि तो सांगायला हवा.

पुढचा प्रश्न बाराव्या शतकातला, भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'तला आहे. तो माझ्या शब्दांत देतो.

८) वानरांच्या एका कळपाचा पाचवा भाग घ्या, त्यातून तीन वजा करा, आलेल्या संख्येचा वर्ग करा. तितकी वानरे गुहेत गेली. एक फांदीवर दिसते आहे. एकूण वानरे किती?

(x/5 − 3)² + 1 = x. सोडवले की x² − 55x + 250 = 0, आणि मुळे 50 व 5. दोन्ही धन, दोन्ही पूर्णांक, आणि दोन्ही मूळ समीकरणात चपखल बसतात. मग उत्तरे दोन का नाहीत? पाच वानरांचा पाचवा भाग एक. त्यातून तीन वजा केले तर उरतात −2. वर्ग केल्यावर ४ येतात आणि हिशेब जुळतो, पण एका वानरातून तीन वजा करता येत नाहीत. भास्कराचार्यांनी हे दुसरे उत्तर अयोग्य ठरवले आणि ५० घेतले. एसटीच्या प्रश्नात नको असलेले मूळ स्वतःच ऋण होते, म्हणून ओळखता आले. इथे ते सभ्य रूपात आले आहे आणि दोष मधल्या पायरीत लपला आहे. पायरी एकच वाढली, पण मोठी.

आजच्या प्रवेश परीक्षांत हीच गोष्ट वेगळ्या रूपात येते:

९) √(x + 7) = x − 5

वर्ग केला की x² − 11x + 18 = 0, मुळे 9 आणि 2. x = 2 ठेवून पाहा. डावीकडे 3, उजवीकडे −3. वर्ग करताना चिन्ह पुसले जाते, म्हणून भलतेच मूळ आत शिरते. ताळा घेणे इथे ऐच्छिक नाही, तो उत्तराचाच भाग आहे.

१०) x² − 7x + 12 = 0 आणि y² − 9y + 20 = 0. x आणि y यांच्यातला संबंध सांगा.

ही बँकांच्या परीक्षांची धाटणी आहे. x ची मुळे 3, 4 आणि y ची 4, 5. घाईत x < y असे उत्तर दिले जाते, पण दोघांतही 4 आहे. समीकरणे पहिल्या प्रश्नाइतकीच सोपी आहेत, नवी आहे ती तुलना.

११) x² − 5x + 3 = 0 ची मुळे α आणि β आहेत. मुळे न काढता α³ + β³ काढा.

मुळांत √13 आहे. त्यांचे घन करत बसणे म्हणजे वेळ घालवणे. बेरीज 5 आणि गुणाकार 3 समीकरणातूनच दिसतात, आणि (α + β)³ − 3αβ(α + β) मध्ये तेवढेच लागते.

१२) x² − kx + k + 3 = 0 ची दोन्ही मुळे वास्तव आणि 2 पेक्षा मोठी असण्यासाठी k च्या किमती कोणत्या?

ही अभियांत्रिकी प्रवेशाच्या जेईईची पातळी. बहुतेकांचा पहिला विचार असा असतो: दोन्ही मुळे 2 पेक्षा मोठी, म्हणजे बेरीज 4 पेक्षा मोठी आणि गुणाकारही 4 पेक्षा मोठा. त्यावरून k > 4. विवेचक ऋण नको, म्हणजे k² − 4k − 12 ≥ 0, म्हणून k ≥ 6 किंवा k ≤ −2. एकत्र केल्यावर उत्तर k ≥ 6. आता k = 8 घ्या. मुळे येतात 4 ± √5, म्हणजे सुमारे 6.24 आणि 1.76. दुसरे मूळ 2 पेक्षा लहान आहे! बेरीज आणि गुणाकार मोठे असूनही एक मूळ मागे राहू शकते, कारण दुसरे त्याची भरपाई करते.

म्हणून आलेख काढायचा. y = x² − kx + k + 3 हा वरच्या बाजूला उघडणारा वक्र आहे आणि तो x-अक्षाला जिथे छेदतो किंवा स्पर्श करतो ती मुळे. दोन्ही मुळे 2 च्या उजवीकडे हवीत, तर तीन गोष्टी पाहिजेत. वक्र अक्षाला भेटला पाहिजे, म्हणून विवेचकाची अट. वक्राचा मध्य 2 च्या उजवीकडे हवा, म्हणजे k/2 > 2. आणि x = 2 पाशी वक्र अक्षाच्या वर हवा: 4 − 2k + k + 3 > 0, म्हणजे k < 7. राहून गेली होती ती ही शेवटची अट. तिन्ही मिळून 6 ≤ k < 7. टोके तपासा. k = 6 ला दोन्ही मुळे 3, चालते. k = 7 ला मुळे 2 आणि 5, आणि 2 हे 2 पेक्षा मोठे नाही, म्हणून 7 बाहेर.

उत्तरसूची:
१) 3, 4
२) 4, −5 (5, −4 आले असेल तर कंसाचे चिन्ह तसेच उचलले)
३) 0, 5 (फक्त 5 आले असेल तर x ने भागले)
४) 2/3, −1/2
५) −3 + √7, −3 − √7
६) k = 3 (0 सुद्धा लिहिले असेल तर सहगुणक पाहायचा राहिला)
७) ताशी ४५ किमी
८) ५० वानरे
९) x = 9 (2 सुद्धा लिहिले असेल तर ताळा घेतला नाही)
१०) x ≤ y
११) 80
१२) 6 ≤ k < 7 (k ≥ 6 आले असेल तर आलेख काढला नाही)

शिक्षकांना एक विनंती. मुलांसाठी सरावसंच तयार कराल तेव्हा उत्तरसूचीत बरोबर उत्तराशेजारी हमखास येणारे चुकीचे उत्तर आणि त्याचे कारणही असेच छापा. घरी एकटा अभ्यास करणाऱ्या मुलाला आपले कुठे चुकले, ते सांगणारे तिथे दुसरे कोणी नसते.