लोकाग्रहास्तव

फ्लेक्सची ऑर्डर द्यायला मी पहिल्यांदा गेले, तेव्हा वहीत मजकूर उतरवून घेता घेता त्या माणसाने सहज विचारलं, "मॅडम, पट्टी सोबतच टाकू ना?" कसली पट्टी, मला कळेना. आमच्या साडीच्या दुकानाचा आषाढ सेल मंगल कार्यालयात लागायचा होता, शुक्रवार ते रविवार, 'फक्त ३ दिवस'. त्याने मागच्या वर्षीचं बिल काढून दाखवलं. बॅनर एक, स्टँडी दोन, पट्टी एक. पट्टी म्हणजे रविवारी रात्री बॅनरवर तिरकी चिकटवायची ती पिवळी : 'लोकाग्रहास्तव मुदत २ दिवस वाढवली आहे!' लोकांचा आग्रह असा आठ दिवस आधी छापून तयार असायचा. हॉलही पाच दिवसांसाठीच घेतलेला असायचा.

मला हसू आलं. खरं सांगायचं तर थोडं कौतुकही वाटलं. त्या दुकानात मी सहा वर्षं होते, मग चार वर्षं कपडे विकणाऱ्या एका ऑनलाइन कंपनीत. जागा बदलली, पगार वाढला, पट्टी तीच राहिली.

पण पट्टीच्या आधी गादीबद्दल सांगायला हवं, कारण मी या धंद्यातलं पहिलं शिकले ते गादीवरच्या काकांकडून. बाई येऊन म्हणायच्या, "पाच हजारांपर्यंत दाखवा." मी नवी, म्हणून मी साडेतीन हजारांची साडी काढायची, मग चारची, मग पाचची. दर पायरीला बाईंच्या कपाळावर एक आठी चढायची. काका मात्र उठून वरच्या फळीवरची अठरा हजारांची पैठणी खाली घ्यायचे. "घ्यायची नाही ताई, नुसती बघा. पदर बघा." पदर उलगडायचा, उलटी बाजू दाखवायची, पाच मिनिटं त्यातच घालवायची. मग नऊ हजारांची एक. मग साडेसहाची. अठरा डोळ्यांत बसल्यावर साडेसहा हजार कसे रास्त वाटायचे! पाचाची मर्यादा सांगून आलेली बाई दीड हजार जास्त देऊन, वर आनंदाने जायची.

ट्व्हर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली हीच गोष्ट आकड्यांचं चक्र फिरवून दाखवली होती. चक्र गुपचूप असं केलेलं, की ते १० वर थांबे किंवा ६५ वर. मग लोकांना विचारलं, संयुक्त राष्ट्रसंघात आफ्रिकी देश किती टक्के असतील? चक्राचा या प्रश्नाशी काडीचाही संबंध नाही. तरी १० बघितलेल्यांचं मधलं उत्तर २५ आलं आणि ६५ बघितलेल्यांचं ४५. पहिला आकडा मनात नांगर टाकतो आणि पुढचा अंदाज त्याच्याच आसपास घोटाळत राहतो. काकांना हे प्रयोग माहीत नव्हते. त्यांना वरची फळी माहीत होती.

काकांच्या या खेळाला मी फसवणूक म्हणणार नाही. पैठणी खरी होती, तिची किंमत खरी होती, दिवाळीत तशा चार-पाच त्याच भावाने जायच्याही. आपल्याला महाग साडी का दाखवताहेत, हे बाईंनाही अर्धंमुर्धं कळत असे. खोट सुरू झाली ती कुर्त्यांपासून.

दुकानाने स्वतःच्या नावाचे कुर्ते काढायचं ठरवलं. शिलाई, कापड, पिशवी सगळं धरून कुर्ता आम्हाला ३८० रुपयांना पडत होता आणि तो ७९९ ला विकायचा हे आधीच ठरलं होतं. उरला प्रश्न एमआरपीचा. माल आपल्या नावाचा, म्हणजे छापील किंमतही आपणच ठरवायची. एमआरपीपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत, हे गिऱ्हाइकाला पाठ असतं. पण ती किंमत किती वर छापायची याला आम्हाला कोण अडवणार होतं? बैठकीत १,२९९ निघाले, १,५९९ निघाले. शेठ म्हणाले, "दोन हजारांच्या आत दिसू दे, पण हलका नको वाटायला." १,९९९ ठरले. टॅगवर १,९९९ वर काट, खाली ७९९, बाजूला लाल गोळ्यात ६०% सूट. अख्ख्या आयुष्यात त्यातला एकही कुर्ता १,९९९ ला विकला गेला नाही, विकायचा विचारही नव्हता. काकांची पैठणी आणि हा काटलेला आकडा, दोघांचं काम एकच. फरक इतकाच, की पैठणी फळीवर होती आणि हे १,९९९ कुठेच नव्हते.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची जी यादी आहे, तिच्यात एखादी वस्तू सर्वसाधारणपणे कोणत्या किमतीला विकली जाते याबद्दल लोकांची दिशाभूल करणं आहे. युरोपीय संघाने २०२२ पासून त्याला मोजपट्टी लावली. सूट जाहीर करताना आधीची किंमत म्हणून, सर्वसाधारणपणे, मागच्या ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमतच दाखवायची. आमचा टॅग त्या पट्टीवर ठेवला असता तर सूट निघाली असती शून्य टक्के.

मग एकदा मीच हट्टाने एका रॅकवर नुसते '७९९' लावले. काट नाही, गोळा नाही. तोच कुर्ता, तेच रंग. आठवडाभर बायका त्या रॅकला हात लावून पुढच्या, साठ टक्केवाल्या रॅककडे जात राहिल्या. शेठ काही बोलले नाहीत, फक्त शनिवारी माझ्यापुढे टॅगिंग गन ठेवली. अमेरिकेतल्या जे. सी. पेनी या मोठ्या दुकानसाखळीने हाच हट्ट अब्जावधी डॉलर पणाला लावून केला होता. ॲपलची दुकानं उभी करणारे रॉन जॉन्सन तिथे प्रमुख म्हणून आले आणि २०१२ च्या सुरुवातीला त्यांनी कूपनं, सततचे सेल बंद करून सरळ कमी भाव लावले. त्या वर्षात विक्री सुमारे एक चतुर्थांशाने घसरली. एप्रिल २०१३ मध्ये जॉन्सन गेले, कूपनं परत आली. 'लोकांनाच हवं असतं' हे शेठांचं वाक्य त्यामुळे मला अगदी खोटंही म्हणता येत नाही. पण लोकांना हवी असते ती सूट. १,९९९ चा बनाव त्यांनी मागितलेला नव्हता.

टंचाईचं तंत्र त्याहून सोपं. काउंटरवर एका रंगाचे दोनच नग ठेवायचे, बाकी चाळीस पोटमाळ्यावर. "शेवटचा पीस आहे ताई" हे वाक्य दिवसातून किती वेळा म्हटलं असेल, देव जाणे. १९७५ साली वर्चेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिस्किटांवर प्रयोग केला होता. कुणाला दहा बिस्किटांच्या बरणीतलं बिस्किट दिलं, कुणाला दोनच उरलेल्या बरणीतलं. दोनवाल्यांना ते जास्त हवंहवंसं आणि जास्त किमतीचं वाटलं. चव काही त्यांना जास्त चांगली लागली नव्हती. हे वाचलं आणि मला आमच्या परत येणाऱ्या साड्या आठवल्या. शेवटचा पीस म्हणून घाईने नेलेल्या.

एक बाई तशीच मोरपिशी साडी घेऊन गेल्या आणि दुसऱ्या दिवशी बहिणीला घेऊन आल्या. "हिलाही अशीच हवी होती, पण काल तुम्ही शेवटची म्हणालात." मी काय बोलणार? नव्या पोऱ्याने भाबडेपणाने वर जाऊन सहा आणल्या आणि सरळ गादीवर मांडल्या. बाई सहाच्या सहा मोजत राहिल्या. घेतली नाही ती नाहीच, आदल्या दिवशीचीही परत करून गेल्या.

ऑनलाइन कंपनीत पोटमाळा नव्हता, स्क्रीन होता. कपड्याच्या फोटोखाली एक ओळ लुकलुकायची : 'या क्षणी ३२ जण हे पाहत आहेत.' एकदा मी अजून विक्रीलाच न लावलेल्या एका दुपट्ट्याचं पान उघडलं, फक्त आतल्या लोकांना दिसणारं. तिथेही ३२ जण! प्रोग्रॅमरला विचारलं तर तो म्हणाला, "तो रँडम आहे." २०१९ मध्ये इस्रायलच्या एका सुरक्षा-संशोधक बाईंनी विमानतिकिटांच्या एका वेबसाइटवर अशीच ओळ पकडली होती. पानाच्या कोडमध्ये त्या ओळीचं नावच `view_notification_random` होतं आणि आकडा २८ ते ४५ च्या मधला कुठलाही यायचा. आमच्या मीटिंगमध्ये कुणीतरी ती बातमी दाखवली. सगळे हसले. मॅनेजर म्हणाले, "आपला वीस ते चाळीस आहे ना?" ओळ तशीच राहिली.

गर्दी बघून गर्दीत शिरणं हा काही वेडेपणा नाही. अनोळखी गावात आपण भरलेल्या खानावळीतच जेवायला बसतो, आणि बहुधा बरं जेवतो. इतरांनी स्वतः पारखून घेतलेलं असतं, ते आपण उसनं घेतो. रँडम ओळ नेमकं तेच चोरते, कारण तिथे पारखणारं कुणी नसतंच.

'फक्त ३ शिल्लक' या ओळीवर मात्र माझं प्रोग्रॅमरशी वेगळंच भांडण झालं. ती खरी करायची म्हणून मी ती गोदामाच्या नोंदीला जोडायला लावली. आकडा खरा झाला. पण त्याच रंगाचे दोनशे नग ट्रकमध्ये होते, सकाळी उतरायचे होते. त्या रात्री आमचा आकडा अक्षरशः खरा होता आणि तरीही गिऱ्हाइकाला घाई करण्याचं काहीच कारण नव्हतं. 'नवा माल उद्या' एवढं लिहायला मी सांगितलं. त्यावर उत्तर आलं, "मग ओळ लावायचीच कशाला?" इतकं प्रामाणिक उत्तर मला त्या ऑफिसात पुन्हा मिळालं नाही.

३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन लबाडीचे तेरा प्रकार नावानिशी नोंदले. त्यांतला पहिलाच 'खोटी घाई'. नसलेली लोकप्रियता दाखवणं आणि आहे त्यापेक्षा माल कमी असल्याचं भासवणं, दोन्ही त्यात आली. ओळखायला फार अक्कल लागत नाही. पान पुन्हा उघडलं की उलटं घड्याळ परत १५ मिनिटांपासून सुरू होतं का, ते बघायचं. घरातल्या दुसऱ्या फोनवर तेच पान उघडून आकडे ताडायचे. मोठा सेल यायच्या पंधरा दिवस आधी हव्या त्या वस्तूच्या किमतीचा स्क्रीनशॉट काढून ठेवायचा. काटलेल्या आकड्याकडे मग बघावंही लागत नाही.

मी हे सगळं सोडल्याला आता बरीच वर्षं झाली. गेल्या आषाढात घराजवळच्या कार्यालयात चादरींचा सेल लागला होता, 'फक्त ३ दिवस'. रविवारी संध्याकाळी सातला गेले. दोन डबल बेडशीट घेतल्या, सुती होत्या, चांगल्या होत्या. बिल करणारा मुलगा एका गुंडाळलेल्या फ्लेक्सवर बसला होता, कडेने पिवळा रंग दिसत होता.

"अजून घ्या ना ताई, आज शेवटचा दिवस."

"उद्या किती वाजता उघडता?"

"दहाला," तो म्हणाला, आणि मग जीभ चावली.